आठ दिवसांचे पाणी आणि एक बादली

खानदेशातील आमच्या तालुक्याच्या गावी नळाला आठव्या दिवशी, तासभर पाणी येते. उन्हाळ्यात तेही लांबते. घरात आम्ही चौघे, गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि मोरीबाहेर दोनशे लिटरचे एक टिपाड. आईचे गुडघे दुखू लागल्यावर आम्ही कमोड बसवला आणि खरी अडचण तेव्हापासून सुरू झाली, कारण फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर पाणी ओतत असे.

मी त्या टाकीचा कॉक बंद केला आणि मगाने पाणी टाकू लागलो. आठ-दहा मग टाकूनही मैला जागचा हलत नव्हता. भांड्यामागच्या वाकड्या नळीत नेहमी थोडे पाणी साचलेले असते. ती नळी क्षणभर पूर्ण भरली, तरच पुढचे पाणी मागच्याला ओढून नेते, हे मला उशिरा उमगले. थोडे थोडे टाकलेले पाणी फक्त काठावरून वाहून जाते. आता सहा लिटरची बादली गुडघ्याएवढ्या उंचीवरून, भोकावर नेम धरून, मी एका दमात रिकामी करतो आणि शेवटी अर्धा मग हळूच टाकतो, म्हणजे नळीत पाणी राहून वास वर येत नाही. लघवीसाठी दोन-तीन मग पुरतात.

हे पाणी मिळते आंघोळीतून. प्रत्येकाला पंधरा लिटरची एक बादली ठरली आहे आणि रुंद टबात पाट ठेवून त्यावर बसून आंघोळ केली, की साठपैकी चाळीसेक लिटर हाती लागतात. केस अडकू नयेत म्हणून ते जुन्या ओढणीतून गाळतो. फ्लशच्या टाकीत मात्र ते भरत नाही. साबणाचा थर वॉशरवर बसून टाकी गळू लागते. हे पाणी त्याच दिवशी संपवावे लागते, दुसऱ्या दिवशी ते आंबट वास मारते.

एक चूक महागात पडली. बचतीच्या हौसेने मी बादली तीन लिटरवर आणली. भांडे स्वच्छ दिसायचे, म्हणून मी निश्चिंत होतो. पण दोन महिन्यांनी पाणी आधी वर चढून मग गुडगुडत उतरू लागले. अंगणातला चेंबर उघडला, तर वीस फुटांच्या आडव्या पाइपात, वळणापाशी मैला सुकून बसला होता. बांबूच्या कामट्या आणि चार बादल्या पाणी, एवढ्यावर निभावले. तेव्हापासून रोज रात्री कपडे धुतलेल्या पाण्याची एक मोठी बादली सलग ओतून पाइप धुतो.

टिपाडावर घट्ट कापड बांधलेले असते, आणि पाणी येण्याच्या आदल्या रात्री ते रिकामे करून आतून घासतो, कारण डासांची अंडी कडेला चिकटतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने ती निघत नाहीत.