ऑडिटचा मेल दुसऱ्यांदा लिहिताना

पुरवठादाराला पाठवलेला माझा पहिला मेल चार ओळींचा होता: अमुक दोन दिवस येतोय, वार्षिक क्वालिटी ऑडिट आहे, सगळी कागदपत्रं तयार ठेवा. तिथे पोचलो तर हीट ट्रीटमेंटची भट्टी दुरुस्तीसाठी बंद आणि आमचा शाफ्ट त्या आठवड्यात लाइनवर नाहीच. दोन दिवस फायली चाळून परतलो. त्यांना दोष देता येत नव्हता. काय चालू असताना बघायचंय, हे मी लिहिलंच नव्हतं.

पुढच्या वेळी तीन आठवडे आधी मेल केला, आणि तारखा ठरवण्याआधी त्या महिन्याचा प्रॉडक्शन प्लॅन मागितला. त्यात ज्या दिवशी शाफ्टचं हार्डनिंग आणि टेम्परिंग होतं, ते दोन दिवस मी सुचवले, शिवाय एक पर्यायी जोडी दिली. कोणती जमते ते पाच दिवसांत कळवा, असंही लिहिलं. पहिल्या दिवशी रात्रपाळी सुरू होताना मी लाइनवर असेन, हे मुद्दाम नमूद केलं.

व्याप्ती एका पार्टपुरतीच ठेवली: कच्चा माल येण्यापासून डिस्पॅचपर्यंत. काय बघणार नाही तेही लिहिलं, कारण नाहीतर ते लोक खरेदी आणि ट्रेनिंगच्या फायली सजवण्यात आठवडा घालवतात.

कागदपत्रांचे मी दोन भाग केले, आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. प्रोसेस फ्लो, प्रोसेसमध्ये कुठे काय चुकू शकतं हे मांडणारा पीएफएमईए, कंट्रोल प्लॅन आणि मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन एक आठवडा आधी पाठवायला सांगितलं. भट्टीचे तापमानाचे चार्ट, हार्डनेसचे रिपोर्ट आणि कॅलिब्रेशनच्या नोंदी पाठवू नका, जागेवरच दाखवा, असं लिहिलं. माग काढायचा बॅच नंबर मी त्याच दिवशी निवडणार, हेही कळवलं. आधी सांगितला असता, तर त्या बॅचची फाइल माझ्यासाठी तयार झाली असती.

आधी आलेली कागदपत्रं घरी बसून वाचली. कंट्रोल प्लॅनच्या नव्या आवृत्तीत टेम्परिंगचं तापमान १८० वरून २०० अंशांवर नेलं होतं, पण पीएफएमईएमध्ये या बदलाचा मागमूस नव्हता. बदल कागदावरच अर्धवट पोचलाय, तर भट्टीपर्यंत कितपत पोचला असेल, ही शंका तिथेच आली. म्हणून रात्रपाळीत मी आधी भट्टीजवळ लावलेला वर्क इन्स्ट्रक्शनचा कागद पाहिला. त्यावर १८० होतं. ऑपरेटरने तेच सेट केलं होतं. मी निवडलेल्या बॅचच्या चार्टवरही रेघ १८० वरच होती, आणि टेम्परिंग कमी तापमानाला झाल्यामुळे त्या बॅचचा हार्डनेस वरच्या मर्यादेला टेकलेला होता.

ती नॉनकन्फॉर्मिटी मी त्याच रात्री लिहून दिली. सकाळी त्यांच्या क्वालिटी मॅनेजरनी जुना कागद उतरवला आणि तापमान बदलल्यापासूनच्या सगळ्या बॅचेसचे चार्ट काढायला माणसं बसवली.