एकाच विहिरीचे दोन रिपोर्ट

भीमेच्या खोऱ्यातलं एक गाव. शिवाराच्या मधोमध सहकारी साखर कारखाना, त्याला जोडून डिस्टिलरी. गावातली बरीच घरं कारखान्याची सभासद, ऊस तिथेच जाणार, पोरं तिथेच कामाला. त्यामुळे ‘कारखाना बंद करा’ असं कुणीच म्हणत नव्हतं. भांडण विहिरींचं होतं. ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी चहासारखं तांबूस झालं होतं आणि गावाचं म्हणणं, हे डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्यामुळे. कारखान्याचं म्हणणं, ऊसाला ओतलेल्या खतांमुळे.

दोघांकडेही रिपोर्ट होते. गावाने एका निवृत्त रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना आणलं होतं, कारखान्याने पुण्याहून सल्लागार. एकाच विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार प्राध्यापकांच्या कागदावर सल्लागाराच्या तिपटीने जास्त. पिण्याच्या पाण्याला दुसरा स्रोत नसेल तर लिटरमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. एका रिपोर्टात ती विहीर नापास, दुसऱ्यात पास. मग सभांमध्ये एकच प्रश्न, कुणाची लॅब विकली गेली?

मी भूजलाचं काम करतो, दोन्ही बाजूंनी मला मधला माणूस म्हणून बोलावलं होतं. मी दोघांनाही एवढंच विचारलं, नमुना कधी आणि कसा घेतला? प्राध्यापकांनी मे महिन्यात, तळाला उरलेल्या पाण्यातून बादलीने काढलेला. सल्लागाराने सप्टेंबरात, पाऊस पडून विहीर भरल्यावर, तेही मोटार तासभर चालवून. दोन्ही लॅब बरोबर होत्या. विहीर एकच, पाणी वेगळं.

पुढची बैठक ग्रामपंचायतीत. तपासणीचा खर्च कारखाना देणार, पण लॅब दोघांनी मिळून निवडायची आणि पैसे आधीच भरून टाकायचे, असं ठरलं. हे सोपं होतं. अवघड काम वेगळं होतं: निकाल हातात येण्याआधी दोघा तज्ज्ञांकडून लिहून घ्यायचं, की काय दिसलं तर तुम्ही तुमचं म्हणणं सोडाल.

आधी पोटॅशियमवर गाडी अडली. मळीच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आपल्या काळ्या पाषाणातल्या स्वच्छ पाण्यात अगदी थोडं. प्राध्यापक म्हणाले, ‘तेवढं मोजा, संपलं.’ सल्लागार म्हणाले, ‘सर, ऊसाला पोटॅश कोण घालतं?’ मुद्दा बरोबर होता. काळी माती पोटॅशियम धरून ठेवते हे खरं, पण ओढ्याकाठी माती धुपून मुरूम उघडा पडलेला. तिथे खताचा पोटॅशही खाली जाऊ शकतो.

मग नायट्रेट आणि मँगनीजची जोडी घ्यायचं ठरलं. युरियाचं नायट्रेट होऊन ते पाण्याबरोबर खाली उतरतं. म्हणजे खताने बिघडलेल्या विहिरीत नायट्रेट चढलेलं दिसणार. मळीच्या पाण्यात सेंद्रिय माल प्रचंड. तो खाताना जिवाणू आधी पाण्यातला प्राणवायू संपवतात, मग नायट्रेटमधला वापरतात आणि त्यानंतर खडकातलं मँगनीज विरघळायला लागतं. म्हणून तिथे नायट्रेट जवळजवळ नाही, मँगनीज जास्त आणि सेंद्रिय मालाचं माप म्हणजे सीओडी तेही जास्त. सल्लागारांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘विहीर कारखान्याच्या उताराला असेल आणि वरील खूण दिसली, तर बिघाड आमच्याकडून.’ प्राध्यापकांनी लिहिलं: ‘विहिरीतली पातळी कारखान्याकडच्या पातळीहून वर असेल आणि नायट्रेट जास्त असेल, तर ती विहीर कारखान्याने बिघडवलेल्या विहिरींच्या यादीतून वगळू.’ खाली सरपंचांची आणि चीफ केमिस्टची सही.

उतार म्हणजे जमिनीचा नव्हे, जमिनीखालच्या पाण्याचा. तो काढायचा तर सगळ्या विहिरींची पातळी एकाच वेळी मोजायची आणि त्याआधी उपसा थांबवायचा. डंपी लेव्हलने प्रत्येक कठड्याची उंची आधीच काढून तांबड्या रंगाने खूण केली होती. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. ऊस वाळत असताना रात्रभर मोटारी बंद ठेवा म्हणणं म्हणजे शिव्या खाणंच. सरपंच आणि कारखान्याचे शेतकी अधिकारी दोघे मिळून घरोघर फिरले.

सकाळी आम्ही सगळे टेप घेऊन निघालो. ओढ्याजवळच्या एका विहिरीत पातळी अपेक्षेपेक्षा बरीच खाली लागली. गावाच्या फायद्याचीच गोष्ट, कारण पाणी कारखान्याकडून याच बाजूला येतं हे त्या आकड्याने ठसठशीत दिसलं असतं. मी आकडा लिहायला घेतला तेवढ्यात प्राध्यापक कठड्यावर पालथे पडून आत बघत म्हणाले, ‘थांबा. दगड ओला आहे.’ पाण्याच्या वर हातभर उंचीपर्यंत बांधकाम गडद, ओलं. म्हणजे पाणी थोड्या वेळापूर्वीच तिथून उतरलेलं. मालक शपथेवर सांगत होता की मी रात्रभर घरात होतो. खरंच होतं, स्टार्टरला ऑटो लावलेला, लाईट आली की मोटार आपोआप सुरू. उसाची सरी भिजलेली दिसलीच. ‘हा आकडा नको,’ प्राध्यापकच म्हणाले. तोवर सल्लागार त्यांच्याशी ‘तुमचे लोक’ अशा भाषेत बोलत होते. त्यानंतर दोघे एकाच पेटीवर बसून बाटल्यांना लेबलं लावत होते.

नमुने तीन भागांत घेतले: एक लॅबला, एक गावाकडे, एक कारखान्याकडे, तिन्हींवर लाखेचं सील. मँगनीजच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, सीओडीच्या बाटलीत गंधकाम्ल, सगळं बर्फात. एका विहिरीचं पाणी दोन वेगळ्या नंबरांनी पाठवलं, लॅबला न सांगता. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तेव्हा लॅबवरची कुरकुर थांबली.

निकाल कुणालाच पूर्ण आवडला नाही. ओढ्याकाठच्या विहिरींत नायट्रेट नगण्य, मँगनीज आणि सीओडी चढलेलं, पातळी कारखान्याच्या खाली. सल्लागारांनी आपलंच लिहिलेलं वाचलं आणि मान्य केलं. पण मळीचं पाणी साठवायच्या ज्या तळ्याकडे, म्हणजे लगूनकडे, गाव बोट दाखवत होतं, त्याच्या लगतच्या निरीक्षण बोअरचं पाणी ठीक निघालं. समपातळीच्या रेषा कागदावर ओढल्यावर उतार यायला लागला तो कंपोस्ट यार्डाकडून, जिथे प्रेसमडच्या, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या, ढिगांवर मळीचं पाणी फवारतात. पाहायला गेलो तर यार्डाच्या खालच्या कोपऱ्यातली फरशी फुटलेली आणि पावसात ढिगांतून निथळणारं पाणी सरळ ओढ्याकडे जाणाऱ्या चरीत. लगूनवर वर्षभर वाद घालून या कोपऱ्यात कुणी गेलंच नव्हतं.

शाळेच्या बाजूच्या विहिरी कारखान्याच्या वरच्या अंगाला निघाल्या आणि नायट्रेट 45 च्या मर्यादेच्या पुष्कळ वर. त्यांचा डिस्टिलरीशी संबंध नव्हता. खत, जोडीला गोठे. एक विहीर मध्येच लटकली: मँगनीज जास्त, नायट्रेटही जास्त. तिच्यावर दोघांचं एकमत झालं नाही, आणि तसंच लिहून ठेवलं. तिच्या वरच्या बाजूला नवं निरीक्षण बोअर घ्यायचं ठरलं.

कारखान्याने यार्डाची फरशी आणि बंदिस्त गटार करून द्यायचं, ओढ्याकाठच्या घरांना टँकर द्यायचा आणि पावसाआधी-पावसानंतर याच पद्धतीने तपासणी करायची, एवढ्यावर सह्या झाल्या. पिकाच्या नुकसानीचं काही ठरलं नाही. बिघाड कुठून येतो हे आकड्यांनी सांगितलं. किती वर्षांपासून येतोय आणि कुणाचा ऊस त्याने किती घटला, हे त्या बाटल्यांत नव्हतं. तो वाद वेगळ्या टेबलावर गेला, अजून चालू आहे. शाळेकडच्या विहिरींचे मालक मात्र बैठक संपल्यावर प्राध्यापकांनाच धरून बसले, ‘सर, तुम्ही आमच्या बाजूचे ना? मग आमची नावं कशी खोडली?’ सरांनी त्यांना युरियाचा हिशेब मांडायला बसवलं. दोघे उठून गेले, बाकीचे बसले.