मंडळाच्या ड्युट्या : जागा भरली की माणूस आला?

२०२५ च्या गणेशोत्सवातली मंडपावरची हजेरीची वही अखेर पूर्ण शीटवर चढली. यंदा १४ सप्टेंबरला गणपती बसतात, म्हणून त्याच नोंदींवरून नवा ड्युटीचा तक्ता लावायला घेतला आहे. कुठवर आलंय ते लिहितो.

सगळ्यात उपयोगी पडला तो ड्युटीचा अनुक्रम. आमच्याकडे दिवसाला सहा-सहा तासांच्या चार ड्युट्या असतात : पहाटे ५ ते ११, ११ ते ५, संध्याकाळी ५ ते ११ आणि रात्री ११ ते ५. रात्रीच्या ड्युटीत बारानंतर तारीख बदलते. मग दीड वाजता आलेला पोरगा वहीत दुसऱ्या दिवसाची तारीख टाकतो आणि शीटवर त्याची गैरहजेरी लागते. म्हणून तारीख बाजूला ठेवून सलग क्रमांक दिले. २७ ऑगस्टची पहाट ही १, ६ सप्टेंबरची रात्र ही ४४. कार्यकर्त्यांनाही क्रमांक दिले, कारण एकाच नावाचे दोघे-तिघे प्रत्येक मंडळात असतात.

आता दोन पानं. 'ड्युटी' पानावर ठरलेली नावं. उत्सव सुरू झाला की या पानाला हात लावायचा नाही. 'हजेरी' पानावर प्रत्यक्ष कोण उभं होतं ते. दोन्हीकडे A मध्ये ड्युटीचा क्रमांक आणि B मध्ये कार्यकर्त्याचा. 'ड्युटी'च्या C2 मध्ये हे :

```
=IF(COUNTIFS('हजेरी'!A:A,A2,'हजेरी'!B:B,B2)>0,"आला","नाही")
```

हेच उलट्या बाजूने 'हजेरी' पानावर लावलं की ठरलेला कोण आणि बदली कोण हे कळतं. बहुतेक मंडळांत कोणी आलं नाही की त्याचं नाव खोडून आलेल्याचं लिहितात. उत्सव संपेपर्यंत तक्ता शंभर टक्के भरलेला दिसतो आणि पुढच्या वर्षी त्यातून काहीच हाती लागत नाही.

ड्युटी २४ पाहा, म्हणजे १ सप्टेंबरची रात्र. मंडपाच्या पहाऱ्याला ४, ११, १७ आणि २३ क्रमांकाचे चौघे ठरले होते. वहीत ९, ११, २३ आणि ३१. मोजणीत चारांपैकी चार, जागा भरली. पण ठरलेल्यांपैकी दोनच आले, आणि बदलीवर उभा राहिलेला ३१ संध्याकाळच्या २३ व्या ड्युटीलाही होता. म्हणजे सलग बारा तास. पहाटे चार वाजता समईकडे आणि वायरिंगकडे लक्ष ठेवायला हाच माणूस! हे शीटने दाखवलं पाहिजे, म्हणून दोन्ही पानांवर कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे टाकलं आहे. लागोपाठच्या दोन ड्युट्यांपैकी पहिली ओळ लाल होते :

```
=COUNTIFS($B:$B,$B2,$A:$A,$A2+1)>0
```

४ आणि १७ का आले नाहीत, ते फोन करून विचारलं. दोघांच्याही घरी गौरी. ३१ ऑगस्टला आवाहन, १ ला पूजन, २ ला विसर्जन. त्यात पूजनाच्या रात्री घर सोडून कोण येणार? म्हणून यंदा नावनोंदणीतच 'घरचा गणपती' असा रकाना घातला : दीड दिवस, गौरीबरोबर, दहा दिवस, नाही. गौरीवाल्यांना त्या तीन दिवसांच्या ड्युट्या (२०२५ च्या हिशेबात १७ ते २८) लावायच्याच नाहीत. रकान्यात मात्र 'गौरी' एवढंच लिहायचं, ड्युटीचे क्रमांक नाहीत. आवाहन अनुराधा नक्षत्रावर असतं, त्यामुळे गौरी उत्सवाच्या कितव्या दिवशी येतात ते दर वर्षी बदलतं. ज्यांच्याकडे 'नाही' आहे, त्यांना गौरीच्या रात्री आणि त्याबदल्यात शनिवार-रविवारी सुट्टी. हे आधी बोलून घेतलं की कोणी कुरकुरत नाही.

हजेरी कोणी लिहायची, याबद्दल माझं मत पक्कं आहे : ड्युटी सोडणाऱ्याने. नवीन तुकडीतला माणूस मित्राचं नाव 'येतोच आहे' म्हणून टाकून देतो. सोडणाऱ्याला मात्र बदली समोर उभी राहिल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे तो डोळ्यांनी पाहून लिहितो. ग्रुपवरचं 'आलो' धरायचं नाही. आणि न आलेल्यांची यादी ग्रुपवर टाकायची नाही. फोन करायचा, कारण समजून घेऊन रकान्यात लिहायचं.

विसर्जनाचा दिवस अजून जमायचा आहे. पुण्यातली मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते, तिथे सहा तासांचं गणित चालत नाही. त्या दिवसापुरत्या ड्युट्या रस्त्यावरून पाडतोय : मंडप ते बेलबाग चौक, बेलबाग ते अलका चौक, अलका ते घाट. तुकडी चौकात बदलेल, आणि हजेरीही तिथेच. पण बेलबागला रांग किती वेळ थांबेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्या तुकडीला किती वाजता बोलवायचं ते अजून ठरलेलं नाही. आपल्या मंडळात कोणी चौकावर तुकडी बदलत असेल तर निरोप कोण आणि कधी देतं, ते कळवा.