सहा वाजताचा चेहरा

सकाळी आठला आरशात दिसलेला चेहरा आणि संध्याकाळी सहाला ऑफिसच्या वॉशरूममध्ये भेटणारा चेहरा हे एकाच घरातले असले, तरी सख्खे नसावेत. नाक चकाकतंय, डोळ्यांखाली फाउंडेशनची बारीक घडी पडलीय, काजळ आपली जागा सोडून खाली उतरलंय आणि लिपस्टिक फक्त ओठांच्या कडेला उरलीय. सातला कुणाकडे तरी पोचायचंय. पर्समध्ये आहेत एक काजळ पेन्सिल, एक गडद लिपस्टिक, चिमूटभर क्रीम असलेली छोटी डबी, इअरबड आणि टिश्यू.

अशा वेळी पहिला हात कॉम्पॅक्टकडे जातो. माझाही जायचा. एका लग्नाच्या स्वागत समारंभाला मी चकाकणाऱ्या नाकावर तशीच पावडर थापून गेले आणि फोटोत नाकाच्या दोन्ही बाजूंना पोपडे धरलेली भिंत दिसली. दोष पावडरीचा नव्हता. दिवसभराचं तेल आणि सकाळचा मेकअप एकत्र झालेला असतो. त्यावर कोरडी पावडर पडली की ती तेल पिऊन जागच्या जागी गोळा होते. म्हणून आधी टिश्यू. तोही पुसायचा नाही, नुसता दाबायचा, पाच-दहा सेकंद, कपाळ, नाक, हनुवटी. पुसला की तेलाबरोबर फाउंडेशनही निघतं आणि मग नवाच घोळ.

डोळ्यांखालच्या घडीला नवं काही लावू नये. अनामिकेने हलकं थोपटलं की सकाळचंच फाउंडेशन पुन्हा सारखं बसतं. उतरलेल्या काजळाला मात्र पाणी लावून चालत नाही. ते मेणात आणि तेलात कालवलेलं असतं, पाण्याने फक्त पसरतं. इअरबडच्या टोकाला मुगाच्या दाण्याएवढं क्रीम घेऊन फिरवलं की मुकाट्याने निघून येतं. मग त्या जागी कोरडा टिश्यू एकदा दाबायचा, नाहीतर उरलेल्या क्रीमवरून नवं काजळही घसरगुंडी खेळेल.

एवढं झालं की चेहरा निम्मा संध्याकाळचा होतो, आणि अजून आपण काहीच लावलेलं नसतं! मला हाच भाग सगळ्यात आवडतो.

आता पेन्सिल. सकाळी खालच्या पापणीच्या आत रेघ ओढायची सवय असते, पण तीच संध्याकाळी खाली उतरून डोळे थकलेले दाखवते. तेव्हा या वेळी वर. वरच्या पापण्यांच्या केसांच्या मुळाशी, केसांच्या फटी भरत, छोट्या छोट्या ठिपक्यांनी. रेघ वाकडी आली तरी हरकत नाही, कारण ती लगेच पुसट करायची आहे. लगेच म्हणजे खरंच लगेच. टिकाऊ पेन्सिल अर्ध्या मिनिटात सुकून बसते, मग कितीही घासा, हलत नाही. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना रेघ ओढून मग पुसट करायला बसलात तर पहिला डोळा हातचा गेला. एक डोळा पूर्ण करायचा, मगच दुसरा. इअरबडच्या कोरड्या टोकाने रंग वर आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे ओढायचा. खाली लावायचंच असेल, तर फक्त बाहेरच्या कोपऱ्याशी, इअरबडवर उरलेलं तेवढंच.

लिपस्टिकला दोन कामं. आधी गाल: बोटाच्या टोकाला दोन ठिपके, गालाच्या उंचवट्यावर थोपटत वर न्यायचे. हे क्रीमसारख्या मऊ लिपस्टिकनेच जमतं. सुकून घट्ट बसणारी द्रव मॅट लिपस्टिक गालावर लावलीत, तर पसरायच्या आत डाग धरते आणि तुम्हाला कुणीतरी चापट मारल्यासारखं दिसतं. (कुठलीही लिपस्टिक पापण्यांवर लावायचा मोह मात्र टाळावा. ओठांसाठीचा प्रत्येक रंग डोळ्यांजवळ चालणारा असतोच असं नाही.) मग ओठ: जुनं पुसायचं, एक थर, टिश्यू दाबायचा, दुसरा थर. टिश्यूत वरचं तेल जातं आणि रंग मागे राहतो, म्हणून दुसरा थर अधिक टिकतो.

एक गंमत प्रकाशाची. वॉशरूमच्या पांढऱ्या ट्यूबखाली गडद रंग फारच झाला असं वाटतं आणि हात आखडतो. पण जिथे जायचं आहे तिथे बहुधा पिवळट, मंद दिवे असतात. त्या उजेडात पीच आणि त्वचेच्या जवळचे रंग त्वचेत विरून जातात. म्हणून आरशापुढे थोडं जास्त वाटेल तिथे थांबते मी. थोडं, फार नाही. खात्री हवी असेल तर दोन पावलं मागे जाऊन बघायचं. नाकाला आरसा लावून कुणी आपल्याशी बोलायला येत नाही.

परवा हे सगळं करून बाहेर आले तेव्हा घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. शेजारच्या टेबलावरची सहकारी वर न बघता म्हणाली, "निघालीस?" मग वर बघितलं आणि म्हणाली, "अगं, कुठे?"