पाच, तीन, एक, शून्य

“भारत-पाकिस्तानला प्रिझनर्स डायलेमात बसवून शेवटी हाती काय लागतं?”

शत्रूवर काडीचा विश्वास नसतानाही शस्त्रसंधी का टिकते, एवढं सांगता येतं. आणि ते थोडं नाही, असं मी अजूनही म्हणते.

प्रिझनर्स डायलेमा म्हणजे दोघांचा असा खेळ, ज्यात प्रत्येकाला एकट्याने दगा देणं फायद्याचं, पण दोघांनीही दिला तर दोघांचंही नुकसान. माझ्या पेपरात हा खेळ नियंत्रण रेषेवर आहे. दोघांनी संयम पाळला तर प्रत्येकाला ३ गुण, दोघांनी गोळीबार केला तर १. समोरचा संयम पाळत असताना एकानेच गोळीबार केला तर त्याला ५, दुसऱ्याला ०. हे आकडे मी धरलेले, फक्त त्यांचा क्रम महत्त्वाचा. खेळ एकदाच असेल तर गोळीबार फायद्याचा. पण शेजारी उद्याही तिथेच असतो. दगा दिला की आज २ गुण जास्त, पण मग समोरचाही गोळीबारच करत राहतो, म्हणून पुढे कायमचे दर खेपेला २ कमी. उद्याच्या गुणाची किंमत आजच्या निम्म्याहून जास्त मानणारा त्या वाटेला जात नाही.

एका चर्चासत्रात मी ‘टिट फॉर टॅट’ मांडत होते. समोरच्याने मागच्या खेपेला जे केलं, तेच आपण करायचं. मागच्या रांगेतून एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यांनी विचारलं, “मॅडम, पहिली गोळी कुणाची, हे तुमच्या खेळाडूला कळतं कसं? धुक्यात आवाज होतो, पोरगं फायर करतं. ते उत्तर की सुरुवात?”

प्रश्न नवा नव्हता, उत्तर तयार होतं. मी फळ्यावर मांडलं: एकाने एकदा चुकीचं ऐकलं की पुढे आळीपाळीने ५-०, ०-५ सुरू होतं, सरासरी ३ वरून अडीचवर येते. आणखी एक गैरसमज झाला की दोघेही १ वर अडकू शकतात. उपाय असा की तीनातल्या एका वाराला उत्तर द्यायचं नाही.

“म्हणजे गिळायचा?”

“हो.”

“कुणाचा मुलगा?”

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी पुढची स्लाइड लावली.

माझी बाजू अशी: २५ फेब्रुवारी २०२१ च्या संयुक्त निवेदनात दोन्ही डीजीएमओंनी, म्हणजे दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाया पाहणाऱ्या प्रमुखांनी, गैरसमज मिटवायला हॉटलाइन आणि फ्लॅग मीटिंग वापरू असंच म्हटलं होतं. म्हणजे ‘आवाज नेमका कुणाचा’ हे विचारायची सोय. पण हॉटलाइन मे २०१८ मध्येही होती. तेव्हाही २००३ ची शस्त्रसंधी पाळायचं ठरलं, तरी २०२० मध्ये तोफा धडधडतच होत्या. २०२१ चं ठरलेलं मात्र एप्रिल २०२५ पर्यंत बऱ्यापैकी टिकलं.

मग बदललं काय? लडाखमध्ये चीन समोर आला, पाकिस्तानची तिजोरी आटली, गुण बदलले, असं मी लिहिलं. पीएचडी करतानाची मी यावर भडकली असती: निकाल पाहून गुण लावणार असशील तर मॉडेल कशाला? तिला मी सांगते, निदान नेमके कुठले गुण बदलले हे तरी सांगावं लागतं, नुसतं ‘संबंध सुधारले’ म्हणून सुटका होत नाही. ती हे ऐकून घेत नाही. अधिकाऱ्यांच्या प्रश्नाला तर मॉडेलमध्ये रकानाच नाही: ० कुणाच्या घरी पडतो, हे राज्याला एक खेळाडू मानलं की दिसतच नाही.