आत्याच्या फोनमधला आजोबांचा फोटो

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला आत्याचा फोन ऐन वेळी बंद पडला. म्हणजे फोन चालू होता, पण कॅमेरा उघडला की ‘जागा शिल्लक नाही’. मुलगी अंगठी घालतेय आणि आत्या तिकडे कोपऱ्यात उभी राहून कुठले तरी फोटो पुसत बसलीय. “बाळा, बघ की रं, फोटूच निघंना झालाय,” म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. त्या गडबडीत ती काय काय पुसून बसली होती ते कळल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

कारण आजोबांचा फेट्यातला फोटो आता तिच्याच फोनमध्ये आहे. 2019 च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा कपाटातला अल्बम दोन दिवस पाण्यात होता. फोटो एकमेकांना असे चिकटले की सोडवताना आजोबांचा चेहराच दुसऱ्या पानावर निघून गेला. त्याआधी कधीतरी ताईनं त्या फोटोचा फोटो काढून आत्याला व्हॉट्सअपवर पाठवला होता. ताईचा तो फोन नंतर बिघडला. नशिबानं आत्याच्या तावडीतून आजोबा वाचले होते, पण मी त्याच रात्री बॅकअपला बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. कुठं अडलो ते लिहितो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांचे फोन आत्ता याच अवस्थेत आहेत.

पहिली अडचण फोटोंची नव्हतीच, खात्याची होती. बॅकअप जातो तो फोनमध्ये असलेल्या गुगल खात्यात. आत्याचं खातं मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं फोन घेताना काढून दिलेलं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. असल्या खात्यात फोटो टाकायचे म्हणजे कुलूप लावून चावी विहिरीत टाकायची. फोन हरवला की फोटोही गेले. म्हणून आधी पासवर्ड बदलला. खातं त्या फोनवर उघडं होतंच, त्यामुळे ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर खात्री करायची सूचना त्याच फोनवर आली. नवा पासवर्ड आत्याच्या हिशोबाच्या वहीत लिहिला आणि खात्याला माझाही नंबर जोडला.

मग हिशोब मांडला. गुगल फुकट देतं 15 जीबी, पण त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळ्यांची वाटणी. अँड्रॉइडवर व्हॉट्सअपच्या चॅटचा बॅकअपही त्यातच मोजतात. आत्याचे 5 जीबी असे आधीच गेलेले, उरले 10. फोनमध्ये कॅमेऱ्याचे फोटो होते 6 जीबी आणि व्हिडिओ 11 जीबी. आता बसवा! शिवाय व्हॉट्सअपचे 21 जीबी वेगळेच.

व्हॉट्सअपपासून सुरुवात केली. सेटिंगमध्ये ‘Storage and data’, त्यात ‘Manage storage’. तिथं मोठ्या फाइली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात. सुप्रभात, किर्तनं, कुणाच्या तरी बागेतले मोर, एकच निवडणुकीचा व्हिडिओ सात ग्रुपमधून सात वेळा. आत्याला शेजारी बसवून एकेक विचारत पुसलं. 21 चे 9 जीबी झाले.

व्हिडिओ खात्यात मावणार नव्हते. बॅकअप सुरू केला की कॅमेऱ्याचे फोटो आणि व्हिडिओ दोन्ही जातात, नुसते फोटो घे असं त्याला सांगता येत नाही. म्हणून बॅकअप चालू करायच्या आधीच व्हिडिओ बाहेर काढले. फोनच्या चार्जिंगच्या भोकात थेट बसणारा 64 जीबीचा पेनड्राइव्ह आणला आणि फाइल्सच्या ॲपमधून सगळे व्हिडिओ निवडून कॉपी केले. ‘मूव्ह’ नाही, कॉपी. मध्येच पेनड्राइव्ह हलला तर मूव्हमध्ये अर्धी फाइल इकडे ना तिकडे होते. फोनवर 143 होते, पेनड्राइव्हवरही 143 मोजले, पाच-सहा तिथूनच चालवून बघितले, माझ्या लॅपटॉपवर आणखी एक प्रत ठेवली आणि मगच फोनमधले पुसले.

आता गुगल फोटोज. ॲपमध्ये वर कोपऱ्यात आपलं गोल चित्र असतं, त्यावर दाबून बॅकअप चालू केला. दर्जा विचारतो तिथं ‘Storage saver’ निवडलं. 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो त्यात लहान होतो, आपल्या घरच्या फोटोंना तेवढं भरपूर झालं. फोन चार्जिंगला लावून वायफायच्या डब्याशेजारी ठेवला आणि बॅटरी सेव्हर बंद केला. सकाळी उठून बघतो तर ‘Backup complete’.

मी एवढ्यावर थांबलो असतो. पण खात्री म्हणून लॅपटॉपवर photos.google.com उघडलं, आत्याच्या खात्यानं आत गेलो आणि आजोबांना शोधलं. नाहीतच! साखरपुडा आहे, गणपती आहेत, कृष्णेच्या घाटावरचे बारा सारखेच फोटो आहेत, आजोबा नाहीत. कारण हा बॅकअप आपणहून फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर घेतो. व्हॉट्सअपवरून आलेले फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात आणि तो वेगळा चालू करावा लागतो. बॅकअपच्या सेटिंगमध्ये ‘Back up device folders’ आहे, तिथं ‘WhatsApp Images’ चालू केलं. तासाभरात लॅपटॉपवर फेटा दिसला.

त्यानंतरच फोन मोकळा केला, तोही त्याच गोल चित्राखालच्या ‘Free up space’ नं. जे वर पोचलेत तेवढेच ते फोनमधून काढतं. यात एक होतं: व्हॉट्सअपचे फोटोही फोनमधून जातात, मग चॅटमध्ये जुना फोटो उघडत नाही. तो गुगल फोटोजमध्ये बघायचा. आत्या दोन दिवस याच्यावरून रुसली होती.

पुढच्याच आठवड्यात आत्याच्या चिरंजीवांनी पराक्रम केला. “वर आहेत की सगळे,” म्हणत गुगल फोटोजमधूनच तीनशे फोटो निवडून कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं. तिथून पुसलं की फोनमधलंही जातं आणि वरचंही. बॅकअप झालेले फोटो ‘Trash’ मध्ये 60 दिवस राहतात, म्हणून सगळे परत मिळाले. दोन महिन्यांनी लक्षात आलं असतं तर काही करता आलं नसतं. फोन मोकळा करायचा तर ‘Free up space’ च दाबायचं, डब्याला हात लावायचा नाही. हे मी आत्याच्या फोनच्या कव्हरमागं चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.

मामा, मावशी, येत्या रविवारी मी मिरजेला येतोय. पेनड्राइव्ह माझा आणतो. तुम्ही फक्त वायफायचा पासवर्ड शोधून ठेवा, आणि तोवर जागा करायला म्हणून काहीही पुसू नका.