अर्ज जोडलाय, मग मेलमध्ये काय लिहायचं? – तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, अर्ज तर पीडीएफ करून जोडलाय, मग मेलमध्ये अजून काय लिहायचं? आणि सब्जेक्टमध्ये नुसतं 'अर्ज' टाकलं तर चालेल ना?"

नाही चालत. मी एका पतसंस्थेच्या ऑफिसात काम करते, भरतीची जाहिरात गेली की येणारे मेल मीच उघडते, त्यामुळे समोरच्या बाजूला काय दिसतं ते सांगते. मेल उघडायच्या आधी यादीत मुख्यतः तीन गोष्टी दिसतात, पाठवणाऱ्याचं नाव, सब्जेक्ट आणि मजकुराचे पहिले काही शब्द. आणि मोबाईलवर सब्जेक्ट अर्ध्यातच तुटतो. "आपल्या नामांकित संस्थेतील रिक्त जागेसाठी विनम्र अर्ज सादर करणेबाबत" असं लिहिलंत तर दिसतं "आपल्या नामांकित संस्थेतील रिक्त..." आणि पुढे टिंबं. लेखनिक की शिपाई की वसुली अधिकारी, काही कळत नाही. म्हणून पदाचं नाव सगळ्यात आधी:

लेखनिक पदासाठी अर्ज – अ. ब. क. – बी.कॉम., टॅली

अ. ब. क.च्या जागी तुमचं पूर्ण नाव. जाहिरातीला क्रमांक असेल तर तोही टाका, जसा छापलाय तसाच. आणि पदाचं नाव जाहिरातीत जे आहे तेच ठेवा हं, कारण आठवड्याभराने साहेब म्हणतात लेखनिकचे सगळे अर्ज काढा, तेव्हा मी सर्चमध्ये "लेखनिक" टाइप करते आणि ज्याने "क्लार्क" लिहिलंय त्याचा मेल त्यात येतच नाही, मग तो वेगळा शोधावा लागतो, लक्षात राहिला तर.

आता मजकूर. बरेच जण एकतर तो कोराच ठेवतात किंवा अख्खा अर्ज, प्रति, दिनांक, विषय, महोदय सगळं परत तिथे पेस्ट करतात. बऱ्याच जणांचा विषय तर मजकुरात असतो आणि सब्जेक्टचा रकाना रिकामा! मेलचं काम पाकिटाइतकंच आहे, आत काय आहे आणि कुणाचं आहे ते सांगायचं. एवढं पुरतं:

मा. व्यवस्थापक,
सप्रेम नमस्कार.
आपली लेखनिक पदाची जाहिरात रविवारच्या पेपरमध्ये वाचली. त्या पदासाठी माझा अर्ज व बायोडेटा सोबत जोडला आहे (एकच पीडीएफ, 3 पाने). मी बी.कॉम. असून 2 वर्षे एका दुकानाचे हिशेब टॅलीवर ठेवत आहे. मुलाखतीसाठी कधीही येऊ शकेन.
आपली विश्वासू,
अ. ब. क.
मोबाईल नंबर

यातलं टॅलीचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीत जे मागितलंय त्यातलं तुमच्याकडे असलेलं एकच काहीतरी सांगायचं, बाकी सगळं अर्जात आहेच. किती पानं ते लिहिलं की एखादं पान जोडायचं राहिलं असेल तर आम्हाला लगेच कळतं. आणि नंबर मेलमध्येही हवाच, फोन लावायला दरवेळी पीडीएफ कोण उघडणार.

मराठी अर्जाचा एक खास घोळ असतो तो म्हणजे फॉन्टचा. सायबर कॅफेवाला श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप करून देतो, ती वर्ड फाइल आपण तशीच पाठवतो, आणि ज्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही त्याला नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, एक शब्द वाचता येत नाही. पीडीएफ केली की साधारणपणे फॉन्ट फाइलच्या आतच जातो. पण तिथला मजकूर कॉपी करून मेलमध्ये चिकटवू नका, तिथेही तेच होणार. मेल आणि सब्जेक्ट फोनच्या मराठी कीबोर्डवरच टाइप करा, तो युनिकोड असतो, सगळीकडे नीट दिसतो.

फाइलला नावही द्या. scan0007.pdf अशा नावाच्या फाइली डाउनलोड फोल्डरमध्ये ढीगभर असतात, त्यात तुमची कुठली ते उघडल्याशिवाय समजत नाही. Lekhnik_Arj_ आणि पुढे आडनाव, नाव, बस. ड्राइव्हची लिंक शक्यतो नको, परवानगी दिलेली नसली की इकडे फाइल उघडतच नाही, आणि परवानगी मागून उत्तराची वाट बघत बसायला भरतीच्या गडबडीत वेळ कुणाला असतो.

पाठवताना क्रम उलटा ठेवा, आधी फाइल जोडायची, मग ती तिथूनच उघडून बघायची, मग सब्जेक्ट, मग मजकूर आणि पत्ता सगळ्यात शेवटी, म्हणजे चुकून अर्धा मेल जात नाही. दुसऱ्या संस्थेला पाठवायचा असेल तर तोच मेल फॉरवर्ड करू नका, सब्जेक्टपुढे Fwd लागतं आणि खाली पहिल्या संस्थेचा पत्ता तसाच दिसतो, नवीन मेल करा.

आणि नंतर विचारणा करायची झाली तर आपल्या त्याच पाठवलेल्या मेलवर रिप्लाय करून विचारा, पाठवताना To मध्ये संस्थेचाच पत्ता आहे ना तेवढं बघा, म्हणजे अर्ज आणि विचारणा एकाखाली एक दिसतात.